व्हेरिएबल कागदावर किती आणि हातात किती : सेल्सच्या ऑफरआधी रिक्रूटरला विचारायचे प्रश्न

मागच्या पावसाळ्यात एका जुन्या सहकारिणीचा फोन आला. पंप आणि व्हॉल्व्ह विकणाऱ्या कंपनीकडून तिला ऑफर येऊ घातली होती, चाकण-रांजणगाव-भोसरी पट्ट्यातले कारखाने सांभाळायचे होते. "चौदा लाख म्हणतायत. दहा फिक्स्ड, चार व्हेरिएबल." तेव्हाच्या नोकरीत तिला साडेदहा फिक्स्ड आणि दीड लाखाचं व्हेरिएबल होतं, त्यातले वर्षाला एक लाख वीस हजार हातात येत होते. म्हणजे खरी कमाई 11 लाख 70 हजार.

मी तिला एकच विचारलं, "त्या चार लाखांपैकी गेल्या वर्षी टीमला किती मिळाले?"

"ते कसं विचारणार? पैशाच्याच मागे आहे असं वाटेल ना त्यांना."

सेल्सच्या माणसाला पैशाची भूक आहे असं वाटलं तर बिघडतं कुठे, हे मला आजवर कळलेलं नाही. गेली आठ-नऊ वर्षं मी मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसतो आणि पेआऊटचा इतिहास नीट विचारणाऱ्या उमेदवाराकडे मी जरा जास्तच लक्ष देतो. जो स्वतःच्या पगाराचा हिशोब नीट विचारतो, तो ग्राहकाचं बजेटही नीट विचारतो. पण हे फार उशिरा कळलं. माझ्या पहिल्या नोकरीबदलात 2 लाख 40 हजारांचं व्हेरिएबल होतं आणि वर्षअखेर हातात आले 31 हजार. ऑर्डरी मी आणल्या होत्या, पण हिशोब ऑर्डरवर नव्हता, वसुलीवर होता. ग्राहकाचे पैसे नव्वद दिवसांत आले तरच ती विक्री माझ्या खात्यात धरली जायची. हे कोणी लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पुढे जे लिहितोय ते बहुतेक सगळं त्या सहकारिणीच्या ऑफरभोवतीच फिरतं, कारण तिने हे प्रश्न खरोखर विचारले आणि काय उत्तरं आली ते मला माहीत आहे.

आधी दोन शब्द वेगळे करा

रिक्रूटरशी बोलताना सगळा घोळ "ॲचिव्हमेंट" आणि "पेआऊट" या दोन शब्दांत होतो. ॲचिव्हमेंट म्हणजे टार्गेटच्या किती टक्के विक्री झाली. पेआऊट म्हणजे व्हेरिएबलच्या किती टक्के रक्कम हातात आली. हे दोन्ही आकडे सारखे असतील असं आपण गृहीत धरतो, आणि ते जवळजवळ कधीच सारखे नसतात.

या कंपनीचा प्लॅन असा होता : क्वार्टरचं टार्गेट 80 टक्क्यांच्या खाली राहिलं तर व्हेरिएबल शून्य. 80 टक्के झालं तर निम्मं व्हेरिएबल. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला अडीच टक्के वाढत जाऊन 100 टक्क्यांना पूर्ण. शंभरच्या वर आणखी वेगाने वाढतं, पण दीडशे टक्क्यांवर कॅप. असे प्लॅन फार चालतात. आता यात 79 टक्के टार्गेट गाठलेल्या माणसाने भरपूर विक्री केलेली असते आणि त्याच्या हाती एक रुपया येत नाही. तेव्हा "आमची टीम 90 टक्क्यांवर असते" हे वाक्य ऐकून खूश व्हायचं कारण नाही. टीम नव्वदवर असताना टीममधले तिघं शून्यावर असू शकतात.

म्हणून इतिहास विचारण्याआधी प्लॅन विचारायचा. उंबरठा किती, कॅप किती, हिशोब क्वार्टरला की वर्षाला, आणि मोजतात काय : ऑर्डर, बिल की वसुली. ही चार उत्तरं नसतील तर मिळालेल्या टक्केवारीचा अर्थच लागत नाही. काही ठिकाणी वर आणखी एक कंपनी मल्टिप्लायर असतो. म्हणजे तुम्ही तुमचं टार्गेट शंभर टक्के केलं, पण कंपनीचा नफा कमी पडला म्हणून तुमच्या रकमेला 0.7 ने गुणलं जातं. तो आहे का, असेल तर गेली तीन वर्षं किती होता, हेही लगेच विचारून घ्या.

कोणाला विचारायचं

"रिक्रूटर" या नावाखाली दोन वेगळी माणसं असतात. बाहेरच्या कन्सल्टन्सीतला माणूस तुम्ही जॉईन झालात की कंपनीकडून फी घेतो. आपल्याकडे ही फी बरेचदा वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याच्या पगाराइतकी ठरते. त्याच्याकडे पेआऊटचा तक्ता नसतो. तो "मार्केटमध्ये नाव चांगलं आहे" असं सांगेल आणि त्याच्या दृष्टीने ते खोटंही नसेल. त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. "हे प्रश्न एचआरपर्यंत पोहोचवाल का" एवढंच काम त्याला द्या. ते तो मनापासून करतो, कारण तुम्ही शेवटच्या क्षणी ऑफर नाकारली तर त्याची फी बुडते.

कंपनीचा स्वतःचा रिक्रूटर वेगळा. त्याला तक्ता पाठ नसतो, पण मागवता येतो. आणि तुमचा होणारा मॅनेजर, त्याला तर प्रत्येकाचा आकडा तोंडपाठ असतो, कारण दर सोमवारी तो त्यावरूनच ओरडत असतो. प्लॅनचे नियम एचआरला विचारा, टेरिटरीचे आकडे मॅनेजरला विचारा. उलटं केलंत तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील.

कधी विचारायचं

पहिल्याच फोनवर सगळं उकरून काढू नका. तिथे फक्त फिक्स्ड-व्हेरिएबलचं प्रमाण आणि हिशोब क्वार्टरली की वार्षिक, एवढं पुरे. पेआऊटचा इतिहास विचारायची योग्य वेळ म्हणजे मॅनेजरची मुलाखत चांगली झाली आहे, एचआर "तुमची अपेक्षा काय" म्हणू लागलं आहे, पण ऑफर लेटर अजून आलेलं नाही, तो आठवडा. तेव्हा कंपनीला तुम्ही हवे असता आणि आकडे अजून हलू शकतात.

राजीनामा दिल्यावर विचारलेल्या प्रश्नाला काही वजन उरत नाही. नोटीस पिरियडचे नव्वद दिवस सुरू झाले की तुमच्या हातात घासाघीस करायला काहीच नसतं, हे समोरच्यालाही माहीत असतं.

फोन असा झाला

आमच्या सहकारिणीने कंपनीच्या रिक्रूटरला फोन लावला तेव्हा समोर वही होती आणि मी सुचवलेला एक नियम होता : एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. संवाद साधारण असा झाला.

"मॅडम, व्हेरिएबलबद्दल थोडं समजून घ्यायचंय. गेल्या आर्थिक वर्षात या टीमचा पेआऊट कसा होता?"

"चांगला असतो हो आमच्याकडे. टॉप परफॉर्मर तर दीडशे टक्के नेतात."

"अरे वा. आणि मधल्या माणसाला किती मिळतं? म्हणजे टॉपचा नाही, तळाचाही नाही."

"ॲव्हरेज 86 टक्के होतं."

"हे 86 ॲचिव्हमेंटचे की पेआऊटचे?"

"पेआऊटचे."

"किती जणांचं ॲव्हरेज आहे हे?"

"आठ जणांची टीम आहे."

"एप्रिलमध्येही आठच जण होते का?"

इथे जरा शांतता. "एप्रिलमध्ये अकरा होते. तिघं मधे सोडून गेले."

"त्या तिघांना त्या वर्षी काही व्हेरिएबल मिळालं का?"

"ते मला बघून सांगावं लागेल."

यात कुठेही आवाज चढलेला नाही, कुठेही "तुम्ही लपवताय" असा सूर नाही. रिक्रूटर मॅडम खोटंही बोलल्या नाहीत. त्यांना जो आकडा दिला गेला होता तो त्यांनी दिला. फक्त तो आकडा कसा तयार झाला, हे प्रत्येक पुढच्या प्रश्नागणिक बाहेर आलं.

पहिला प्रश्न मोकळा ठेवला, म्हणजे समोरचा काय पुढे करतो ते कळतं. इथे टॉप परफॉर्मर पुढे आला. "टॉप परफॉर्मर" हे उत्तर आलं की सरळ मधल्या माणसाबद्दल विचारायचं. "टीममधल्या किती जणांना पूर्ण किंवा त्याहून जास्त मिळालं" हा त्याचाच दुसरा आणि माझ्या मते जास्त चांगला प्रकार, कारण उत्तर माणसांच्या संख्येत येतं. टक्केवारीत लपायला जागा असते, "अकरापैकी तीन" यात नसते.

सरासरीच्या पोटात काय होतं

दोन दिवसांनी होणाऱ्या मॅनेजरबरोबर शेवटची फेरी होती. तिथे तिने हेच पुन्हा, पण नावं न विचारता विचारलं : "सर, नावं नकोत, पण गेल्या वर्षी आठ जणांचे पेआऊट साधारण कसे पसरले होते?" माणूस मोकळा होता. त्याने व्हाईटबोर्डवर लिहूनच दाखवलं : तीन जण दीडशेवर, मग 80, 60, 50, 45 आणि एक शून्य. बेरीज 685, भागिले आठ, 85.6. म्हणजे 86 टक्के खरेच होते.

आता मधे गेलेले तिघं धरा. त्यांचं व्हेरिएबल शून्य होतं, हे पुढे कळलं. कंपनीच्या नियमाप्रमाणे पेआऊटच्या दिवशी माणूस रोलवर हवा आणि नोटीस पिरियडमध्ये नको. तिघं शून्य धरले की अकरा जणांची सरासरी 62 वर येते. आणि अकरा जणांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं, तर मधोमध सहावा माणूस उभा आहे, त्याला 50 टक्के मिळाले. तीन जणांनी सगळी सरासरी खांद्यावर उचललेली आहे. त्यातल्या एकाकडे ज्या कारखान्याचं विस्ताराचं काम चालू होतं त्याची एकच ऑर्डर वर्षभर पुरली होती. ती ऑर्डर दर वर्षी येत नाही.

मधे सोडून गेलेल्यांना हिशोबात धरायचं की नाही यावर एचआरची माणसं वाद घालतात. मी धरतो. ज्याला पेआऊट मिळत नाही तोच सोडून जातो, मग त्यालाच वगळून काढलेली सरासरी चांगली दिसणारच.

तुमच्या टेरिटरीचा इतिहास

टीमच्या सरासरीपेक्षा एक प्रश्न जास्त मोलाचा आहे आणि बहुतेक जण तो विचारायचा राहून जातात : "मला जी टेरिटरी मिळणार ती आधी कोणाकडे होती आणि तिथे गेल्या चार क्वार्टरचं ॲचिव्हमेंट काय होतं?" नाव नको, आकडे हवेत. आणि रुपयांत हवेत.

इथे मॅनेजरने लॅपटॉप उघडला. आधीचा माणूस दुसऱ्या विभागात गेला होता, फळ्यावरचा 45 टक्केवाला तोच. दर क्वार्टरचं टार्गेट एक कोटी. एप्रिल ते जून विक्री 72 लाख, जुलै ते सप्टेंबर 92 लाख, ऑक्टोबर ते डिसेंबर 76 लाख आणि जानेवारी ते मार्च एक कोटी. वर्षाचे 3 कोटी 40 लाख, म्हणजे टार्गेटच्या 85 टक्के.

प्लॅनमध्ये 85 टक्क्यांना साडेबासष्ट टक्के व्हेरिएबल बसतं. मग त्याला 45 च का? कारण हिशोब क्वार्टरला होता. दोन क्वार्टर 80 च्या खाली, म्हणून दोन्ही शून्य. एकाला 80 टक्के, एकाला 100 टक्के. एकूण 180 भागिले चार, 45. वर्षअखेरीस एकत्र हिशोब करून राहिलेली रक्कम देण्याची सोय असती तर साडेबासष्ट मिळाले असते. तशी सोय नव्हती. वार्षिक ॲचिव्हमेंट ऐकून पेआऊटचा अंदाज बांधू नका असं मी सांगतो ते याचसाठी. विचारताना "चारपैकी किती क्वार्टर उंबरठा ओलांडला" असंच विचारा. आणि "वर्षाच्या शेवटी एकत्र हिशोब होतो का" हेही. कारखान्यांना माल विकणाऱ्यांना याचा फटका हमखास बसतो, कारण खरेदी वर्षभर सारखी नसते. मार्चअखेरीस बजेट संपवायची घाई असते आणि एप्रिल-मेमध्ये तीच माणसं फोन उचलत नाहीत.

मग आला शेवटचा प्रश्न, जो जुन्या इतिहासाला नव्या वर्षाशी जोडतो : "यंदा याच टेरिटरीचं टार्गेट किती आहे?" उत्तर आलं, 4 कोटी 80 लाख.

ऐकायला चार कोटींवरून वीस टक्के वाढ. पण प्रत्यक्ष विक्री 3 कोटी 40 लाखांची होती, म्हणजे पूर्ण व्हेरिएबल मिळवायला खऱ्या विक्रीत 41 टक्के वाढ हवी. तिने चांगलं काम करून पंधरा टक्के वाढ केली, तरी 3 कोटी 91 लाख होतात, म्हणजे नव्या टार्गेटच्या जेमतेम साडेएक्क्याऐंशी टक्के. उंबरठ्यावर उभी. एखादा क्वार्टर जरा ढिला गेला की शून्य. गेल्या वर्षीचा पेआऊट कितीही प्रामाणिकपणे सांगितलेला असो, टार्गेट बदललं की तो आकडा जुना झाला.

टार्गेट वर्षाच्या मधे बदलतात का, हेही तिथेच विचारून टाका. "गेल्या दोन वर्षांत मधेच टार्गेट वाढवलं किंवा टेरिटरी तोडली असं झालं का?" याचं उत्तर मॅनेजर सहसा खरं देतात, कारण त्यांचाही त्यात जीव गेलेला असतो.

उत्तर टाळलं तर

"ही माहिती कॉन्फिडेन्शियल आहे." कोणाचा पगार गोपनीय असतो, हे बरोबरच आहे. म्हणून मागणी बदला : "कोणाचं नाव किंवा रक्कम नको, फक्त टीममधल्या किती जणांनी किती क्वार्टर टार्गेट गाठलं एवढंच सांगा." यात गोपनीय काही उरत नाही. तरीही नकार आला तर तो नकार वहीत लिहून ठेवा.

"सगळं तुमच्यावर आहे, स्काय इज द लिमिट." मग कॅप आहे का, असा साधा प्रश्न विचारा. आमच्या उदाहरणात आकाश दीडशे टक्क्यांवर संपत होतं.

"कंपनीचा पेआऊट 95 टक्के होता." कंपनीचा म्हणजे अकाउंट्स, एचआर, प्रॉडक्शन सगळ्यांचा मिळून का? त्यांचं व्हेरिएबल बहुधा कंपनीच्या निकालावर असतं आणि सहज निघतं. सेल्सचा वेगळा आकडा मागा.

"रोल नवीन आहे, हिस्टरी नाही." हे खरंच असू शकतं, आणि त्यात कोणाची लबाडी नाही. पण मग टार्गेट कशावरून ठरवलं हे विचारा. शेजारच्या टेरिटरीवरून, की एक्सेलमध्ये वरून खाली वाटून? इतिहास नसलेल्या रोलचं व्हेरिएबल म्हणजे गाजराची पुंगी. अशा वेळी पहिल्या दोन क्वार्टरची हमी मागण्यात संकोच करू नये.

सगळ्यात फसवं उत्तर मात्र "ॲव्हरेज" हेच. ते खरं असतं म्हणून फसवं.

बाहेरून पडताळणी

कंपनीने दिलेले आकडे तपासायचे तर कंपनी सोडून गेलेल्या दोघा-तिघांशी बोलणं यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. LinkedIn वर त्याच पदावर, त्याच भागात काम करून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेली माणसं शोधा. शोधताना एक गोष्ट आपोआप दिसते : लोक किती काळ टिकले. एकामागून एक माणूस बारा-चौदा महिन्यांत बाहेर पडला असेल, तर पहिलं वार्षिक पेआऊट पाहून गेला असावा अशी शंका घ्यायला जागा आहे.

निरोप छोटा ठेवा. तिने असा पाठवला होता : "नमस्कार. तुम्ही जिथे होतात तिथे मला सेल्सची ऑफर येते आहे. तुमचा पगार विचारत नाही. तुमच्या काळात चारपैकी किती क्वार्टरना व्हेरिएबल निघायचं आणि ते वेळेवर यायचं का, एवढं कळलं तर मदत होईल. फोनवर पाच मिनिटं चालतील." सहा जणांना पाठवला, दोघांनी फोन केला. एकाने सांगितलं की तो आणि त्याच्याबरोबरचे दोघं, तिघंही काही न मिळता बाहेर पडले. दुसऱ्याने जास्त उपयोगाचं सांगितलं : जून क्वार्टरचे पैसे ऑगस्टच्या मध्यावर येतात, आणि तोवर राजीनामा दिला असेल तर गेले.

चिडून गेलेला माणूस चिडूनच बोलतो, तेवढं वजा करा. AmbitionBox वरचे अभिप्राय मी वाचतो, पण "सॅलरी वेळेवर" आणि "इन्सेंटिव्ह देत नाहीत" अशी वाक्यं एकाच आठवड्यात आलेली दिसली तर दोन्हींवर विश्वास ठेवत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिमाही निकाल उघडे असतात. कंपनीची विक्री दहा-बारा टक्क्यांनी वाढते आहे आणि तुमच्या टार्गेटमध्ये चाळीस टक्के वाढ गृहीत धरली आहे, तर "हे चाळीस कुठून येणार" हा प्रश्न मुलाखतीत विचारण्यासारखा आहे.

ऑफरचा हिशोब

आता तिच्या वहीत हे मांडलं होतं. ऑफर 14 लाख. टेरिटरीचा इतिहास 45 टक्के, म्हणजे चार लाखांपैकी 1 लाख 80 हजार. खरी कमाई 11 लाख 80 हजार. तेव्हाच्या नोकरीत 11 लाख 70 हजार. फरक वर्षाला दहा हजार रुपये, आणि त्यासाठी फिक्स्डमध्ये पन्नास हजारांनी खाली यायचं. चौदाच्या आकड्याने ती दोन आठवडे हवेत होती.

तिने ऑफर नाकारली नाही. आकडे घेऊन एचआरकडे गेली. मी सांगितलं होतं की प्लॅन बदला असं म्हणू नकोस, एका माणसासाठी कोणी प्लॅन बदलत नाही. सीटीसी तेवढंच ठेवून आतली विभागणी बदला म्हण, कारण बजेटचा आकडा न हलवता दिलेला होकार एचआरला सोपा जातो. तिचं वाक्य असं होतं : "या टेरिटरीत गेल्या वर्षी 45 टक्के निघाले आणि यंदा टार्गेट वाढलंय. काम करायला मी तयार आहे, पण पाईपलाईन उभी राहायला सहा महिने लागतील. तर फिक्स्ड अकरा, व्हेरिएबल तीन करता येईल का, आणि पहिले दोन क्वार्टर व्हेरिएबलची हमी?"

शेवटी साडेदहा-साडेतीनवर ठरलं, पहिले दोन क्वार्टर हमीचे. म्हणजे पहिल्या वर्षी दोन क्वार्टरचे पक्के 1 लाख 75 हजार, उरलेल्या दोनमध्ये 45 टक्के धरले तर सुमारे 79 हजार, आणि फिक्स्ड मिळून 13 लाखांच्या थोडं वर. दुसऱ्या वर्षी याच धर्तीवर 12 लाखांच्या आसपास. आता फरक डोळ्यांना दिसण्याइतका झाला.

हमी मागताना एक शब्द नीट तपासा. काही कंपन्या "ॲडव्हान्स" देतात, जो पुढच्या पेआऊटमधून कापून घेतात. ती हमी नव्हे, उधारी आहे.

लेखी काय घ्यायचं

अपॉइंटमेंट लेटरमध्ये व्हेरिएबल "कंपनीच्या निर्णयानुसार" मिळेल असं वाक्य जवळजवळ नेहमीच असतं. ते कोणी काढून देत नाही. म्हणून फोनवर जे कळलं ते त्याच दिवशी मेलवर टाका, उत्तर मागा. मेल असा :

"आज बोलल्याप्रमाणे माझी समजूत अशी : व्हेरिएबल क्वार्टरली, मोजणी बिलावर, 80 टक्क्यांखाली शून्य, कॅप दीडशे टक्के, वर्षअखेरीस एकत्र हिशोब नाही. पहिल्या दोन क्वार्टरचं व्हेरिएबल हमीचं आणि नंतर वसूल न होणारं. यंदाचं टार्गेट 4 कोटी 80 लाख, मी ज्या तारखेला रुजू होईन तिथपासून प्रमाणात. यात काही चुकत असेल तर कळवावं."

हमी मात्र ऑफर लेटरमध्येच हवी, मेलवर भागत नाही. दोन वर्षांनी मॅनेजर बदललेला असतो आणि नव्या माणसाला जुनी मेल दाखवणं किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. टार्गेट प्रमाणात धरण्याचं वाक्यही विसरू नका. क्वार्टरच्या मध्यावर रुजू झालेल्या माणसाला अख्ख्या क्वार्टरचं टार्गेट लावलेलं मी पाहिलं आहे.

आणि बाहेर पडण्याचं कलम आत शिरतानाच वाचा. पेआऊट क्वार्टर संपल्यावर दीड महिन्याने, नोटीस नव्वद दिवसांची, आणि नोटीसमध्ये असलेल्याला पेआऊट नाही. अशा ठिकाणी जुलैच्या सुरुवातीला राजीनामा दिला तर जून क्वार्टरचे पैसे ऑगस्टमध्ये आपल्याला येत नाहीत आणि सप्टेंबर क्वार्टरचेही जातात. दोन क्वार्टर बुडाले. हेच कलम तुमच्या आत्ताच्या नोकरीतही असेल. आमच्या सहकारिणीच्या जुन्या कंपनीतही होतं. म्हणून तिने नव्या कंपनीकडे रुजू व्हायला तीन आठवडे जास्त मागून घेतले, जून क्वार्टरचे पैसे खात्यात पडल्याचा मेसेज आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनाम्याची मेल पाठवली.